डनचा कंपास: दोन पाय जुळवून झाल्यावर पुढे काय?

*प्रश्न: एम.ए. इंग्रजीला जॉन डनची 'अ व्हॅलेडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग' ही कविता आहे. प्रेमिकांची कंपासशी केलेली तुलना का यशस्वी ठरते, हा प्रश्न हमखास येतो. मी लिहिते की कंपासचे दोन पाय म्हणजे दोन प्रेमिक, वर ते जोडलेले आहेत, म्हणून त्यांचं प्रेम अतूट आहे. त्यापुढे काही सुचत नाही. सरांनी शेरा दिला, 'हे वर्णन झालं, विश्लेषण नाही.' मग विश्लेषण करायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?*

तुम्ही लिहिलंय ते चूक नाही, पण तो कंपास पेटीत ठेवलेला आहे. डनने तो कागदावर टेकवला, उघडला, कलवला, फिरवला आणि मिटवला. त्याचं जे काही म्हणणं आहे ते या हालचालींतून येतं. म्हणून वाचण्याआधी भूमितीच्या पेटीतला साधा कंपास खरोखरच हातात घ्या. मी वर्गातही आधी तेच करायला लावतो. कविता उघडी ठेवायची आणि प्रत्येक ओळीत कंपासचं नेमकं काय होतंय ते करून बघायचं.

त्याआधी एक गोष्ट पाहून घ्या: हा कंपास कवितेत केव्हा येतो? कविता चार-चार ओळींच्या नऊ कडव्यांची आहे आणि कंपास सातव्या कडव्यात येतो. म्हणजे ३६ ओळींपैकी २४ ओळी त्याच्याशिवाय गेल्या आहेत. लांबलेल्या रूपकाचं विश्लेषण करताना बहुतेक जण थेट त्या रूपकावर उडी मारतात आणि तिथेच उत्तर आखडतं. आधीच्या कडव्यांमध्ये कवी काय काय बाजूला सारत आला, हे कळलं की कंपासवर कोणती जबाबदारी पडली आहे ते कळतं.

प्रसंग निरोपाचा आहे. पुरुष लांबच्या प्रवासाला निघाला आहे आणि बाईला सांगतोय की रडारड नको. पहिल्या कडव्यात सज्जन माणसांचा मृत्यू आहे. ती इतकी शांतपणे जातात की श्वास थांबला की अजून चालू आहे, यावर भोवतीच्या मित्रांचं एकमत होत नाही. आपणही तसंच वेगळं होऊ या, असं तो म्हणतो. अश्रूंचे पूर नकोत, उसाशांची वादळं नकोत. आपलं प्रेम बाहेरच्यांना दाखवणं म्हणजे त्याचं पावित्र्य घालवणं. तिसऱ्या कडव्यात भूकंप आहे. त्याने माणसं घाबरतात, नुकसान मोजत बसतात. पण आकाशातल्या गोलांचं कंपन भूकंपाहून कितीतरी मोठं असूनही कुणाला इजा करत नाही. (जुन्या, पृथ्वीला मध्यभागी धरणाऱ्या खगोलशास्त्रात या गोलांना एक संथ डोलणारी गती मानलेली होती.) चौथ्या आणि पाचव्या कडव्यांत चंद्राखालच्या, म्हणजे बदलत्या जगातल्या प्रेमिकांची गोष्ट येते. त्यांचं प्रेम इंद्रियांवर उभं असल्यामुळे शरीर दूर गेलं की ते प्रेमच संपतं. आपलं तसं नाही. डोळे, ओठ, हात जवळ नसल्याची आपल्याला तितकी चिंता नाही. तो 'तितकी' म्हणतो हे लक्षात ठेवा. त्याने 'मुळीच' म्हटलेलं नाही.

आता सहावं कडवं. सगळ्या विश्लेषणाची कळ माझ्या मते इथे आहे. आपले दोन आत्मे खरं तर एकच आहेत, म्हणून मी गेलो तरी तुटणार काहीच नाही. फक्त विस्तार होईल, सोनं ठोकून हवेइतकं पातळ करावं तसा. ही उपमा सुंदर आहे आणि खरीही आहे. एक ग्रॅम सोनं ठोकून जवळपास एक चौरस मीटर वर्ख होतो आणि तरी तो सलग राहतो. अंतर वाढलं म्हणून नातं तुटत नाही, ते पसरतं. सोनं मौल्यवान, न गंजणारं. कवितेने इथेच थांबायला काय हरकत होती?

हरकत अशी की वर्ख पातळ होतो. जितकं अंतर जास्त, तितका तो विरळ. शेवटी फुंकरीने उडेल इतका. सोन्याचा वर्ख बघितलेल्या कुणालाही हे माहीत असतं आणि निरोप घेणाऱ्या बाईला तर ते लगेच सुचेल. दुसरं, ठोकलेला वर्ख आपला आपण परत गोळा होत नाही. त्या उपमेत जाणं आहे, येणं नाही. तिसरं, त्यात दोन माणसं उरतच नाहीत. एकच पत्रा आहे. निघणारा कोण आणि थांबणारी कोण, हे त्यात दिसत नाही, आणि या घडीला त्या दोघांना दिसतंय ते तेवढंच.

म्हणून सातवं कडवं 'आणि'ने सुरू न होता 'जर'ने सुरू होतं. जर आपण दोन असूच, तर कंपासचे ताठ जुळे पाय दोन असतात तसे दोन आहोत. युक्तिवादात ही माघार आहे, आणि ती मुद्दाम घेतलेली आहे. आपण एकच आहोत हे तुला पटत नसेल तर सोडून दे. दोन आहोत असं धरून चालू, तरीही मी ते सिद्ध करतो. वकील जसा मुख्य मुद्द्याबरोबर पर्यायी मुद्दाही मांडून ठेवतो, तशी ही मांडणी आहे. सोन्याने जे तीन प्रश्न उघडे ठेवले (विरळपणा, परत येणं आणि दोघांचं वेगळेपण), त्या तिन्हींना कंपासने उत्तर द्यायचं आहे. 'तुलना का यशस्वी ठरते' याचं उत्तर शोधायला इथून सुरुवात करा, कारण आता तुमच्याकडे यश मोजायला माप आहे.

कंपास उघडा. डन प्रथम म्हणतो: तुझा आत्मा म्हणजे रोवलेला पाय. तो हलतोय असं दिसत नाही, पण दुसरा हलला की तोही हलतो. हे यंत्र म्हणून अक्षरशः खरं आहे. पेन्सिलीचा पाय फिरवा आणि टोकाच्या पायाकडे बघा. तो जागेवरच आहे, पण स्वतःभोवती फिरतोय, कारण सगळा कंपास फिरतो आहे. घरी थांबणारी बाई स्थिर बसून राहते असं कवी म्हणत नाही. तिची हालचाल त्याच्याइतकीच आहे, ती फक्त बाहेरून दिसत नाही. दुसऱ्या कडव्यात 'बाहेरच्यांना दाखवू नकोस' म्हटलं होतं, ते इथे यंत्राच्या रचनेतच बसलं.

आठव्या कडव्यात तो पाय मध्यभागी बसलेला आहे. दुसरा दूर भटकायला लागला की हा त्याच्या दिशेने कलतो, कान देऊन ऐकतो, आणि तो घरी परतला की पुन्हा ताठ होतो. इथे पट्टी घ्या. समजा पाय १२ सेंटीमीटर लांबीचे आहेत आणि कंपास सरळ धरला आहे. टोकांमध्ये ६ सेंटीमीटर अंतर ठेवलं तर प्रत्येक पाय उभ्या रेषेपासून साधारण १४-१५ अंश कलतो. अंतर १२ सेंटीमीटर केलं की कल ३० अंश होतो. मिटवलं की शून्य. आणि हा कल दोन्ही पायांचा सारखाच असतो. मला ही कवितेतली सर्वांत हळवी जागा वाटते आणि ती निव्वळ भूमितीतून आलेली आहे. ओढ किती, हे अंतराने ठरतं. अंतर वाढलं की वर्ख विरळ होत होता. इथे अंतर वाढलं की कल वाढतो, आणि दोघांचा समान वाढतो. धातू मात्र तेवढाच जाड राहतो. सोन्याचा पहिला दोष इथे पुसला गेला.

'कान देऊन ऐकतो' हे मात्र कंपास करत नाही. ते माणसाचं आहे. कवी एवढा वेळ यंत्राशी प्रामाणिक राहिला, म्हणून हा एक मानवी शब्द आत सरकला तरी तो उपरा वाटत नाही. ताठ होण्यात शारीरिक सूचनाही आहे. ती नाकारू नका आणि तिच्यावर पानभर लिहूही नका. पाचव्या कडव्यातलं 'तितकी चिंता नाही' आठवा. शरीर कवितेतून गेलेलंच नव्हतं, ते घरी परतण्याच्या क्षणी पुन्हा डोकावतं.

शेवटचं कडवं. तू माझ्यासाठी तशी असशील. मला दुसऱ्या पायासारखं तिरपं धावायचं आहे. तुझ्या ठामपणामुळे माझं वर्तुळ नेमकं होतं आणि मी जिथून निघालो तिथे येऊन संपतो. याची परीक्षा उलट करून बघा. वर्तुळ काढताना टोकाचा पाय थोडा घसरू द्या. रेषा सुरुवातीला जाऊन मिळणार नाही, शेवटी फट राहील. म्हणजे फिरणाऱ्याची वाट बरोबर ठरते ती रोवलेल्या पायाच्या पकडीमुळे. एकट्या फिरणाऱ्या पायाने नुसता ओरखडा उमटेल. जातोय तो, पण त्याच्या जाण्याला आकार तिच्यामुळे येतो. परतीचं उत्तरही इथेच मिळतं, आणि दोघं वेगवेगळी असणं हा आता दोष राहिलेला नाही. दोन पाय नसते तर वर्तुळच निघालं नसतं.

एवढं लिहिलंत तर तो शेरा परत येणार नाही. पण चांगलं उत्तर इथून पुढे आणखी एक गोष्ट करतं: तुलना कुठे नीट बसत नाही ते शोधतं.

पुन्हा कंपास हातात घ्या. आठव्या कडव्यात फिरणारा पाय 'घरी येतो' म्हणजे मिटतो, मध्यावर तिच्याशेजारी येतो. नवव्या कडव्यात तो वर्तुळ पुरं करतो, म्हणजे परिघावरच्या सुरुवातीच्या बिंदूवर येतो. ते दोन शेवट एक नाहीत. वर्तुळ पुरं झालं तरी तो तिच्यापासून पूर्ण त्रिज्येइतकाच दूर आहे. उघडमीट आणि फिरणं या कंपासच्या दोन वेगळ्या हालचाली आहेत आणि डनने त्या सलग कडव्यांत अशा ठेवल्या की पहिल्या वाचनात सांधा दिसत नाही. काही समीक्षकांनी दोन्ही गती एकत्र करून सर्पिल वाट कल्पिली आहे. मला ते ओढूनताणून वाटतं. माझं मत असं की कवीला दोन वेगळी आश्वासनं द्यायची आहेत. 'मी तुझ्याजवळ परत येईन' हे एक, आणि 'मी दूर असेन तेव्हाही माझं भटकणं दिशाहीन नसेल' हे दुसरं. पहिलं आश्वासन प्रवासाच्या शेवटाचं आहे, दुसरं प्रत्यक्ष प्रवास चालू असतानाच्या दिवसांचं. मागे राहणाऱ्या माणसाला दोन्ही हवी असतात, आणि एकाच हालचालीतून दोन्ही देता आली नसती. शेवट दुसऱ्यावर केला आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. भेट झाली असं दाखवून कविता संपत नाही. ती संपते तेव्हा तो अजून वर्तुळावर आहे.

पुऱ्या झालेल्या आकृतीकडेही एकदा बघा. कागदावर एक वर्तुळ आणि मध्ये टोकाने पडलेलं बारीक भोक. वर्तुळात बिंदू हे किमयागारांचं सोन्याचं चिन्ह होतं. सहाव्या कडव्यातलं सोनं असं शेवटी आकृतीत परत येतं. हे डनच्या मनात होतंच, असं म्हणायला कवितेत थेट आधार नाही, म्हणून लिहिताना 'असंही वाचता येतं' एवढंच म्हणा.

आता आक्षेप. सॅम्युएल जॉन्सनने १७७९ साली अब्राहम काउलीच्या चरित्रात डन-काउलीसारख्या कवींवर टीका केली: अतिशय विजोड कल्पना हे लोक जबरदस्तीने एका जुवाला जुंपतात. कंपासची तुलना उद्धृत करताना त्याने शंका घेतली की इथे जास्त काय आहे, हास्यास्पदपणा की कल्पकता. विद्यार्थी हे वाक्य टाकतात आणि सोडून देतात. त्याला कवितेतूनच उत्तर द्या. यंत्र थंड आहे, कोरडं आहे, हे खरं. पण दुसऱ्या कडव्यात कवीने पूर आणि वादळं यांना मज्जाव केला आहे. त्यानंतर तो समुद्र, पाऊस, चंद्र यांच्याकडे कसा जाणार? निरोपाच्या कवितेत नेहमी येणारी सगळी ओली सामग्री त्याने स्वतःच बाद केली होती. उरलं ते धातूचं, न वाहणारं, न गळणारं. जॉन्सनला जो विजोडपणा खटकला तो इथे शिस्त म्हणून कामाला येतो. शिवाय गोलांचं कंपन तिसऱ्या कडव्यात येऊन गेलंय, तेव्हा वर्तुळाकार, शांत, निरुपद्रवी गतीची तयारी वाचकाच्या मनात आधीच झालेली असते. कंपास आकाशातून पडलेला नाही.

तो डनने प्रथम शोधलेलाही नाही, आणि हे तुमच्या उपयोगाचं आहे. इटालियन कवी बात्तिस्ता ग्वारीनीच्या एका मॅड्रिगलमध्ये प्रियकर स्वतःला कंपास म्हणवतो: एक पाय तुझ्यात केंद्रासारखा रोवलेला, दुसरा दैवाच्या फेऱ्यांत सापडलेला, पण कसाही फिरला तरी तुझ्याभोवतीच फिरणारा. फरक बघा. ग्वारीनीच्या कवितेत दोन्ही पाय पुरुषाचेच आहेत आणि बाई म्हणजे ज्या जागी टोक टेकवलं ती जागा. डनने त्यातला एक पाय तिला दिला. त्या एका बदलामुळे तिला कलता आलं, ऐकता आलं, ताठ होता आलं. जागेला यातलं काही करता येत नाही. कल्पना नवी आहे का, यापेक्षा कवीने तिच्यातला कोणता भाग कुणाला दिला, हे विचारलं की असं काही हाती लागतं.

तुमचं स्वतःचं विश्लेषण पुरेसं झालंय का हे तपासायला एक साधी कसोटी आहे. लिहून झालं की कंपासच्या जागी दुसरी वस्तू ठेवून वाचा. पतंग आणि मांजा घ्या. 'दोघं दूर असूनही जोडलेली आहेत' हे वाक्य पतंगालाही जसंच्या तसं लागू पडतं, म्हणजे ते कंपासबद्दलचं वाक्यच नव्हे, ते खोडा. 'अंतराच्या प्रमाणात दोघांचा कल सारखाच वाढतो' हे पतंगाला लागू पडत नाही. मांजा धरणारा तसाच उभा राहतो. 'एकाच्या पकडीमुळे दुसऱ्याच्या वाटेला नेमका आकार येतो' हेही लागू पडत नाही, कारण पतंग कोणतीच आकृती पुरी करत नाही. जी वाक्यं या अदलाबदलीत मोडतात, तीच ठेवा. तुमच्या मूळ तीन वाक्यांपैकी 'वर ते जोडलेले असतात' एवढंच थोडं वाढवण्याजोगं आहे. जोडाचा खिळा कवितेत कुठेच नावाने येत नाही. उघडणं, कलणं, फिरणं, मिटणं हे सगळं मात्र त्याच्यावरच चालतं. दोन आत्मे एक आहेत हा सहाव्या कडव्यातला, सोडून दिल्यासारखा वाटलेला दावा त्या न सांगितलेल्या खिळ्यात टिकून राहिला आहे.

चरित्राची माहिती किती घालायची, हाही प्रश्न पडेल. आयझॅक वॉल्टनने डनच्या चरित्रात ही कविता १६११ सालच्या प्रवासाशी जोडली. डन तेव्हा आपले आश्रयदाते सर रॉबर्ट ड्रुरी यांच्याबरोबर फ्रान्सला निघाला होता आणि पत्नी अ‍ॅन गरोदर होती. कविता मात्र छापली गेली ती डनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १६३३ मध्ये, आणि तिच्यात ना अ‍ॅनचं नाव आहे ना फ्रान्सचं. त्यामुळे 'वॉल्टनच्या म्हणण्यानुसार' एवढं लिहून एका वाक्यात सोडा. अ‍ॅनच्या दुःखाबद्दल लिहीत बसलात तर कंपास बाजूला पडतो.

कवितेची खरी मर्यादा मला दुसरीकडे दिसते, आणि वेळ असेल तर ती जरूर लिहा. कंपासचे दोन पाय रचनेने सारखे आहेत. कोणता रोवायचा आणि कोणता फिरवायचा हे कंपास ठरवत नाही, धरणारा हात ठरवतो. इथे तो हात बोलणाऱ्या पुरुषाचा आहे. तिने थांबावं, तो फिरेल, ही वाटणी तो आधीच करून टाकतो आणि मग यंत्राच्या नियमासारखी पुढे ठेवतो. शेवटच्या कडव्यात 'तू माझ्यासाठी अशी असशील' हे विधान आहे, आणि त्याच दमात ती विनंतीही आहे. तिच्या ठामपणाशिवाय त्याचं वर्तुळ पुरं होणार नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलंय. एकीकडे जागा वाटून देणारा तो, दुसरीकडे सगळी मदार तिच्यावर ठेवून निघालेलाही तोच. तिने यावर काय उत्तर दिलं, तिला ही वाटणी मान्य होती का, याला कवितेत जागा नाही. नऊ कडव्यांत ती एकदाही बोलत नाही.